‘एमटी जेसीओ’ म्हणजे कंपनीच्या भाषेत काय? रेझ्युमेच्या पहिल्या पाच ओळींविषयी

प्रश्न: "पायदळाच्या बटालियनमधून 28 वर्षांच्या सेवेनंतर सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची 7 वर्षे एमटी जेसीओ, म्हणजे मोटर ट्रान्सपोर्टचा ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर होतो, त्याआधी सीक्यूएमएच, म्हणजे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, आणि 2 वर्षे सेंटरला उस्ताद, म्हणजे नव्या भरतीचा प्रशिक्षक. चार महिन्यांत तीसेक ठिकाणी अर्ज केले, बोलावणे एकच आले, तेही सिक्युरिटी सुपरवायझरसाठी. सध्याचा सारांश असा आहे: ‘भारतीय सेनेत 28 वर्षे गौरवशाली सेवा, शिस्तप्रिय, प्रामाणिक, मेहनती, उत्तम नेतृत्वगुण, एमटी जेसीओची कर्तव्ये यशस्वीपणे पार पाडली.’ सुभेदारच्या जागी मॅनेजर लिहावे का? नेमके काय लिहावे?"

सुभेदार साहेब, नमस्कार. मी गेली 17 वर्षे मालवाहतूक आणि गोदाम क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी माणसे निवडण्याचे काम करतो, त्यामुळे आपल्यासारखे रेझ्युमे माझ्या टेबलावर नियमितपणे येतात. आधी सरळ उत्तर देतो: ‘मॅनेजर’ लिहू नका. निवड झाल्यावर कंपनी पूर्वीच्या नोकरीची पडताळणी करते, आणि त्या वेळी आपले डिस्चार्ज बुक समोर ठेवले जाते. त्यात ‘सुभेदार’ आणि कागदावर ‘ट्रान्सपोर्ट मॅनेजर, भारतीय सेना’ असे दिसले, तर खुलासा करायला बसावे लागते आणि हाती आलेली नोकरी विनाकारण संशयात सापडते. शिवाय ‘मॅनेजर’ हा शब्द घालूनही वाचणाऱ्याला आपल्याविषयी नवे काहीच कळत नाही, आणि आपली खरी अडचण तीच आहे.

आपला कागद पहिल्यांदा कोण वाचतो ते पाहा. बहुधा तो पंचविशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी असते. समोर जागेची मागणी असते, एका दिवसात पुष्कळ कागद चाळायचे असतात आणि सेनेशी संबंध कधीच आलेला नसतो. ‘एमटी जेसीओ’ ही अक्षरे त्यांना काहीच सांगत नाहीत. उरतात ते शिस्त, प्रामाणिकपणा, नेतृत्व आणि 28 वर्षे सेना हे शब्द, आणि या शब्दांना जोडलेला त्यांच्या डोक्यातला एकच खाना म्हणजे सुरक्षा विभाग. आपल्याला सिक्युरिटी सुपरवायझरचे बोलावणे आले ते त्यामुळेच. सारांशाने त्यांना जी माहिती दिली, त्यावरून तोच निष्कर्ष निघत होता.

ही चूक मी स्वतःही केली आहे. एका जुन्या नोकरीत असताना एका निवृत्त हवालदारांना आम्ही गोदामाच्या फाटकावर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून घेतले, कारण त्यांच्या सारांशात ‘वर्कशॉपमधील कर्तव्ये बजावली’ एवढेच होते. काही महिन्यांनी एका सकाळी डिझेलवर चालणारी फोर्कलिफ्ट सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडू लागली. हे फाटकावरून उठून आले, दोन मिनिटे आवाज ऐकला, ‘लाइनमध्ये हवा धरते आहे’ म्हणाले, फिल्टरजवळचा सैल बोल्ट आवळला आणि हातपंपाने लाइनमधली हवा काढून मशीन चालू करून दिली. मग विचारल्यावर कळले, की 11 वर्षे ते वाहनदुरुस्तीचे काम करत होते. देखभाल विभागातली जागा त्याच काळात रिकामी होती आणि आम्ही तिच्यासाठी बाहेर माणूस शोधत होतो. दोष आमचा होताच, पण त्या एका ओळीने आम्हाला काही कळू दिले नाही हेही खरे.

आता हुद्द्याविषयी. सुभेदार या हुद्द्याला कंपनीत समानार्थी शब्द नाही आणि तो शोधत बसण्यात अर्थ नाही. सेनेत हुद्दा एकाच वेळी ज्येष्ठता, मान आणि अधिकार या तिन्ही गोष्टी सांगतो, तर कंपनीत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एक सुभेदार तीसेक जवानांच्या प्लाटूनचा कमांडर असतो, दुसरा क्वार्टरमास्टरकडे भांडाराचा कारभार पाहतो, तिसरा आपल्यासारखा गाड्यांचा ताफा चालवतो. खांद्यावरचे चिन्ह एकच असले तरी कंपनीच्या दृष्टीने ही तीन निराळी माणसे आहेत. म्हणून भाषांतर करायचे ते हुद्द्याचे नव्हे, त्या हुद्द्यावर मिळालेल्या नेमणुकीचे. सेनेत ‘अपॉइंटमेंट’ म्हणतात ती गोष्ट म्हणजे कंपनीतली ‘भूमिका’.

नेमणुकीचे भाषांतर करताना मी उमेदवाराला चार प्रश्न विचारतो. रोज आपल्या हातून काय जात होते? त्यातले काय आपण स्वतः ठरवत होता? आपली चूक झाली असती तर काय अडले असते? आणि काम नीट चालले आहे हे मोजले कशाने जात होते? या चार उत्तरांना सेनेचे शब्द काढून साधे शब्द घातले, की सारांशाचा बहुतेक मजकूर तयार होतो. आपल्या एमटीच्या कामावर हे प्रश्न लावून पाहू.

सकाळी कोणती गाडी कोणत्या कामाला, कोणता चालक कोणत्या गाडीवर, हे आपण ठरवत होता. त्याला आपण ‘डिटेल करणे’ म्हणता. कंपनीत त्याला वाहन आणि चालक नियोजन म्हणतात, आणि मोठ्या कंपन्यांत केवळ तेवढ्याच कामासाठी माणसे ठेवलेली असतात. आठवड्याची मेंटेनन्स परेड म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, अर्थात बिघाड होण्याआधी ठराविक वेळापत्रकाने केलेली देखभाल. ‘व्हीओआर’ म्हणजे रस्त्यावर चालवता न येणाऱ्या गाड्यांची रोजची यादी. कंपनी तीच गोष्ट उलट बाजूने मोजते आणि तिला वाहन उपलब्धता म्हणते. कॉन्व्हॉय नेताना आपण गाड्यांचा क्रम, थांबे, दोन गाड्यांतले अंतर, शेवटी चालणारी दुरुस्तीची गाडी आणि निघण्यापूर्वी चालकांना द्यायच्या सूचना ठरवत होता. कंपनीत हे मार्ग नियोजन आणि प्रवासातली जोखीम हाताळणे झाले. अपघातानंतरच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीसाठी आपण जबाब आणि कागद जमवून दिले असतील, तर ते अपघात तपासणीचे काम झाले. विमा दावा करणाऱ्या प्रत्येक वाहतूक कंपनीला ते लागते.

यातले एक काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण माझ्या अनुभवात ते सारांशात कोणीच लिहीत नाही: कार डायरी आणि पीओएलचा, म्हणजे इंधन आणि वंगणाचा, हिशेब. समजा, एका प्रकारच्या ट्रककडून लिटरमागे 4 किलोमीटर अपेक्षित आहेत. महिन्याला तो 1,200 किलोमीटर चालला, म्हणजे 300 लिटर डिझेल लागायला हवे. प्रत्यक्षात 330 लिटर दिले गेले, म्हणजे सरासरी साधारण 3.6 वर आली. आता हे 30 लिटर कुठे गेले? चढाचा रस्ता, थंडीत उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे, जादा भार, गळती, बिघडलेला मीटर, की चोरी? आपण वर्षानुवर्षे हा प्रश्न प्रत्येक गाडीसाठी सोडवला आहे. वाहतूक कंपनीच्या खर्चात डिझेलचा वाटा फार मोठा असतो आणि असा फरक शोधणारा माणूस तिथल्या मालकाला हवाच असतो. तरीही आपल्या सारांशात यातला एक शब्द नाही. ‘वाहननिहाय इंधन ताळमेळ’ हे तीन शब्द ‘शिस्तप्रिय, प्रामाणिक, मेहनती’ या तिन्हींची जागा घेतात. प्रामाणिकपणाचा पुरावा हवाच असेल तर तो डिस्चार्ज बुकातल्या चारित्र्याच्या शेऱ्यात लिहिलेला आहे. सारांशाने तो पुन्हा सांगण्याची गरज नाही.

पैशाविषयी लिहिताना मात्र फार सावध राहा, कारण माजी सैनिकांचे रेझ्युमे लिहून देणारे लोक इथे हमखास घसरतात. ‘काही कोटींचे बजेट सांभाळले’ असे वाक्य मी अनेकदा वाचतो. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, ‘आपल्या सहीने किती रुपयांपर्यंत खर्च मंजूर होत होता?’ जेसीओच्या सहीने खरेदी मंजूर होत नाही, त्यामुळे उत्तर शून्य येते आणि पुढची खरी वाक्येही खोटी वाटू लागतात. आपल्याकडे होती ती मालमत्तेची ताबेदारी: गाड्या, सुटे भाग, टायर, बॅटऱ्या, हत्यारे आणि इंधन हे सारे आपल्या नावे होते, मोजणीत एक नग कमी भरला तर जाब आपल्याला होता. हे बजेटपेक्षा हलके काम नाही, फक्त वेगळे आहे, आणि त्याला ‘मालमत्तेचा ताबा, नोंदी आणि प्रत्यक्ष पडताळणी’ असा स्वतःचा शब्द आहे. वार्षिक तपासणी किंवा बोर्डापुढे हिशेब बिनचूक निघाला असेल, तर ‘बाह्य तपासणीत तफावत शून्य’ हे वाक्य लेखापरीक्षणाला सामोरे गेलेल्या कोणत्याही व्यवस्थापकाला लगेच कळते. अर्थात, ते खरे असेल तरच लिहावे.

आता कोणत्या पातळीवर अर्ज करावा हे पाहू. ते कंपनीच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून एकच उत्तर देणार नाही. मी माणसांच्या संख्येवरून पातळी ठरवत नाही, निर्णयावरून ठरवतो. गाड्या आणि चालक नेमणे आपल्या हाती होते. रजेची शिफारस आपण करत होता, पण मंजुरी अधिकाऱ्याची होती. गाडी दुरुस्तीला पाठवायची की नाही हे आपण सुचवत होता आणि बहुधा तेच होत होते. बाहेरच्या पुरवठादाराशी दराची बोलणी आपण केलेली नाहीत. नफा-तोट्याचा आकडा आपल्या नावावर कधी नव्हता. म्हणजे रोजचा कारभार पूर्णपणे आपला, व्यापारी निर्णय आपला नाही. माझ्या मते, मालवाहतूक कंपनीत हे चित्र असिस्टंट मॅनेजर किंवा सिनियर एक्झिक्युटिव्ह, फ्लीट ऑपरेशन्स, या जागेशी जुळते. कारखान्यात कामगारांच्या बसगाड्या आणि कंपनीची वाहने सांभाळायची जागा असेल तर तिथे मॅनेजरपदासाठीही अर्ज करायला हरकत नाही, कारण त्या जागेला भाडे मिळवायचे नसते, गाड्या वेळेवर आणि सुरक्षित चालवायच्या असतात. नुसत्या ‘सुपरवायझर’ या शब्दावर मात्र समाधान मानू नका; आपल्या हाताखाली सुपरवायझरचे काम करणारे हवालदार आणि नायक होते.

आकडे घातल्याशिवाय सारांशाला वजन येत नाही, पण सेनेतून आलेल्या माणसाला आकड्यांच्या बाबतीत दोन बंधने आहेत. पहिले गोपनीयतेचे. कार्यालयीन गुपिते अधिनियम, 1923 निवृत्तीनंतरही आपल्याला लागू आहे, आणि युनिटला नेमकी किती आणि कोणती वाहने मंजूर आहेत हे जाहीर करण्याची गोष्ट नाही. म्हणून युनिटचा क्रमांक, तैनातीचे ठिकाण आणि तारीख, वाहनांचे नेमके प्रकार व संख्या सारांशात लिहू नका. ‘60 हून अधिक हलकी व अवजड वाहने’, ‘उंच पर्वतीय भाग’, ‘70 च्या आसपास चालक व सहायक’ अशा गोल शब्दांनी काम भागते, कारण वाचणाऱ्याला हवा असतो तो कामाचा आवाका. (इथे मी धरलेले आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, आपले खरे आकडे कुठल्याही सार्वजनिक ठिकाणी लिहू नका.)

दुसरे बंधन आकडा समजावून सांगता येण्याचे. समजा 60 गाड्यांपैकी कोणत्याही दिवशी सरासरी 4 गाड्या व्हीओआर असत. उरल्या 56, म्हणजे उपलब्धता सुमारे 93 टक्के. हा आकडा लिहिण्याजोगा आहे, पण मुलाखतीत कोणीतरी विचारेल, की हे दिवसावर मोजले की तासांवर? सेनेत सकाळच्या हजेरीसारखी गाड्यांची दिवसाची स्थिती धरली जाते, तर पुष्कळ कंपन्या तास धरतात, आणि दुपारी तीन तास बंद पडलेली गाडी आपल्या हिशेबात चालू असते, त्यांच्या हिशेबात नसते. म्हणून ‘रोजच्या स्थितीनुसार 90 टक्क्यांहून अधिक’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक आणि निभावून नेण्यासारखे ठरते. कोणत्याही नोंदवह्या आपण बरोबर आणलेल्या नसणार, आणू नयेतच. तेव्हा आठवणीने खात्रीचा वाटेल तो खालचा आकडा धरावा.

आता उणिवेकडे येतो, कारण ती लपवली तर वाचणारा ती स्वतः शोधतो. सेनेच्या वाहतुकीत आणि व्यापारी वाहतुकीत एक मूलभूत फरक आहे: सेनेत गाडी परतीला रिकामी आली तरी कोणी विचारत नाही, कंपनीत परतीचा माल मिळाला नाही तर त्या फेरीचा नफाच बुडतो. त्याबरोबर भाड्याचे दर, पुरवठादारांचे करार, माल उतरवायला ताटकळलेल्या ट्रकचे शुल्क आणि कागदपत्रे येतात. 50,000 रुपयांहून अधिक किमतीचा माल हलवताना जीएसटीखाली सामान्यतः ई-वे बिल लागते, आणि ते मुदतीत नसेल तर गाडी रस्त्यात अडते. ही माहिती आपल्याला सेनेत मिळणे शक्य नव्हते. पण दोन-तीन आठवडे ओळखीच्या एखाद्या वाहतूकदाराच्या कार्यालयात बसून ई-वे बिल तयार होताना, फास्टॅगचा हिशेब आणि जीपीएसवरची गाड्यांची नोंद पाहिलीत, तर सारांशात एक खरी ओळ मिळते. तिच्यामुळे ‘यांना सगळे शिकवावे लागेल’ ही भीती कमी होते. पुनर्वसन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीआरचा, लॉजिस्टिक्स किंवा पुरवठा साखळीचा अभ्यासक्रम निवृत्तीपूर्वी केला असेल तर तोही इथेच लिहावा, प्रमाणपत्रांच्या यादीत तळाला नव्हे.

हे सगळे जोडून फ्लीट ऑपरेशन्सच्या जागेसाठी मी आपला सारांश असा लिहीन:

"वाहन ताफा व्यवस्थापनातील 7 वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असलेले ऑपरेशन्स व्यावसायिक, भारतीय सेनेतून सुभेदार म्हणून निवृत्त. 60 हून अधिक हलक्या व अवजड वाहनांचे आणि सुमारे 70 चालक व सहायकांचे दैनंदिन नियोजन, नियोजित देखभाल आणि वाहननिहाय इंधन ताळमेळ यांची जबाबदारी. रोजच्या स्थितीनुसार वाहन उपलब्धता 90 टक्क्यांहून अधिक. दुर्गम पर्वतीय मार्गांवर, रस्ते बंद होण्यापूर्वीच्या मर्यादित मुदतीत, अनेक वाहनांच्या ताफ्यांचे मार्ग नियोजन आणि संचालन. त्याआधी भांडार नोंदी व साठा पडताळणी आणि नव्या भरतीचे प्रशिक्षण. ई-वे बिल, फास्टॅग आणि जीपीएस देखरेखीची कार्यपद्धती अवगत. फ्लीट किंवा वाहतूक ऑपरेशन्समध्ये असिस्टंट मॅनेजर स्तरावरील जबाबदारी अपेक्षित."

पहिल्या वाक्यात मी 28 ऐवजी 7 वर्षे पुढे आणली, याचे आपल्याला कदाचित वाईट वाटेल. पण वाचणारा ज्या जागेसाठी माणूस शोधतो आहे, त्या कामाची वर्षे 7 आहेत. 28 आकडा पुढे आला की तो आधी वयाचा हिशेब करतो आणि नंतर कामाकडे पाहतो. पूर्ण सेवा खाली नोकरीच्या तपशिलात वर्षांसह येतेच. हुद्दा मात्र मी गाळलेला नाही. कंपनीत वर कुठेतरी सेनेतला निवृत्त अधिकारी बसलेला असेल, तर ‘सुभेदार’ हा एक शब्द त्याला जे सांगतो ते पाच ओळी सांगू शकत नाहीत. आणि ज्याला तो शब्द कळत नाही, त्याच्यासाठी त्याच वाक्याच्या सुरुवातीला कामाचे नाव आलेले आहे.

चौथे वाक्य बर्फ पडण्यापूर्वी पुढच्या चौक्यांवर साठा पोहोचवण्याच्या कामावरून घेतले आहे. आपण ते केले असेल असे मी धरले आहे. नसेल तर ते वाक्य काढून टाका, उसने ठेवू नका. केले असेल, तर सणासुदीच्या गर्दीत तीन आठवड्यांत दोन महिन्यांचा माल हलवणाऱ्या कंपनीला त्या वाक्यात स्वतःचीच अडचण दिसते. त्या कामाबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले असल्यास त्याची जागा खाली ‘गौरव’ या शीर्षकाखाली आहे, आणि तिथेही ते कोणत्या कामासाठी मिळाले हे साध्या शब्दांत लिहावे.

सीक्यूएमएच आणि उस्ताद या दोन नेमणुकांना इथे मिळून एकच वाक्य दिले आहे, कारण अर्ज ताफ्यासाठी आहे. गोदामाच्या जागेसाठी अर्ज करताना हेच वाक्य वर येऊन फुगेल: कंपनीच्या शंभर-सव्वाशे जवानांचे कपडे, साहित्य आणि शिधा यांची मागणी, आवक, वाटप आणि शिल्लक मोजणी हे काम म्हणजे साठा व्यवस्थापन आहे, आणि ‘इंडेंट’, ‘इश्यू व्हाउचर’, ‘लोन कार्ड’ यांना अनुक्रमे मागणीपत्र, वाटप पावती आणि परतीच्या बोलीवर दिलेल्या वस्तूंची नोंद असे साधे शब्द आहेत. (‘कंपनी’ हा शब्द सेनेच्या अर्थाने सारांशात चुकूनही वापरू नका, एका उमेदवाराने ‘कंपनीचे भांडार सांभाळले’ असे लिहिले होते आणि आमच्या भरती विभागातली मुलगी त्यांना ‘कोणत्या कंपनीचे?’ असे दोनदा विचारत राहिली.) प्रशासन विभागाच्या जागेसाठी उस्तादपणा आणि माणसे सांभाळणे पुढे येईल. म्हणजे आपल्याला तीन सारांश लागतील. एकाच सारांशात तिन्ही कामे सारख्या वजनाने घातली, तर वाचणारा पुन्हा ‘माजी सैनिक, सर्व कामे’ या खान्यात, म्हणजे फाटकावरच, आपल्याला नेऊन ठेवील.

नोकरीच्या तपशिलात हुद्दा असा लिहावा: आधी ‘सुभेदार’, मग स्वल्पविराम देऊन ‘वाहन विभागाचे दैनंदिन प्रमुख, मोटर ट्रान्सपोर्ट ऑफिसरच्या अखत्यारीत’. कोणाच्या हाताखाली होतो हे लिहिल्याने कमीपणा येत नाही. उलट पडताळणी करणाऱ्याला चौकट कळते आणि आपण अधिकाऱ्याचे काम आपल्या नावावर घेतलेले नाही हेही दिसते.

बहुतेक कंपन्यांकडे हा सारांश शेवटी इंग्रजीत जाईल, तरी मी तो मुद्दाम मराठीत लिहिला आहे. इंग्रजीत सुरुवात केली की सेनेच्या पत्रव्यवहाराची घोटलेली वाक्ये आपोआप हाताखाली येतात, आणि ‘कर्तव्ये यशस्वीपणे पार पाडली’ हे वाक्य तसेच आलेले आहे. मराठी मसुदा आधी घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याने छावणी कधी पाहिलेली नाही. जिथे तो ‘म्हणजे काय?’ विचारील, तो शब्द बदला. मग इंग्रजी करताना ज्या जाहिरातीला अर्ज करत आहात ती शेजारी ठेवा. जाहिरातीत ‘फ्लीट’ असेल तर ‘फ्लीट’, ‘ट्रान्सपोर्ट’ असेल तर ‘ट्रान्सपोर्ट’, तिचाच शब्द उचला, कारण नोकरीच्या संकेतस्थळांवर भरती करणारे शब्द टाकूनच माणसे शोधतात, आणि ‘एमटी’ हा शब्द तिथे कोणीही टाकत नाही.

मसुदा तयार झाला की प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने एक खरा प्रसंग लिहून ठेवा: कोणत्या गाडीची सरासरी घसरली होती, कारण काय निघाले, पुढे काय केले. मुलाखतीत सारांशातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे जरा सांगा’ असे म्हणतात. ज्या वाक्यापुढे प्रसंग लिहिता आला नाही, ते अर्ज पाठवण्यापूर्वीच खोडून टाका.